बुकिंगच्या बटणाअलीकडचं आणि पलीकडचं भाडं

ॲपवर बोलावलेल्या टॅक्सीचं बिल आधी दिसलेल्या आकड्यापेक्षा जास्त आलं की बहुतेक लोक एकच शब्द उच्चारतात : 'सर्ज'. पाऊस होता, गर्दीची वेळ होती, लावला असेल सर्ज. प्रत्यक्षात वाढीव बिलाची जी चार कारणं नेहमी एका दमात सांगितली जातात, म्हणजे सर्ज, वेटिंग, टोल आणि कॅन्सलेशन, त्यांतलं सर्ज हे या आरोपात बहुधा निर्दोष असतं. ते महाग असतं, कधी अन्यायकारकही असतं, पण ते अंदाजाच्या आत बसलेलं असतं. आपण बटण दाबतो तेव्हा ते आपल्या डोळ्यांसमोर असतं, फक्त ओळखू येत नाही. वेटिंग आणि अंदाजात न धरलेला टोल बटण दाबल्यानंतर जन्माला येतात. कॅन्सलेशनची रक्कम तर पुष्कळदा या प्रवासाची नसतेच, मागच्या कुठल्यातरी न झालेल्या प्रवासाची असते. बिलावर भांडायचं असेल तर कुठला रुपया बटणाच्या कुठल्या बाजूचा आहे, हे आधी ठरवावं लागतं. कारण प्रत्येकाचा नियम वेगळा आहे आणि पुरावाही वेगळा.

सर्जपासूनच सुरुवात करू. कंपन्या शहराचे लहान लहान तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात त्या क्षणी किती जण गाडी मागतायत आणि किती गाड्या मोकळ्या आहेत, याचा हिशेब सतत चालू असतो. मागणी वर गेली की मूळ भाड्याला एक गुणक लागतो. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली सॅन फ्रान्सिस्को आणि मॅनहॅटनमध्ये उबरच्या भाड्यांचा बाहेरून माग काढला. त्यांना आढळलं की गुणक साधारण पाच-पाच मिनिटांच्या ठेक्यावर बदलतो आणि बहुतेक सर्ज अल्पायुषी असतात. शेजारच्या तुकड्यात चालत गेलं तर काही वेळा स्वस्तात गाडी मिळते, हेही त्यांनी दाखवलं. तो अभ्यास तिकडच्या शहरांचा आणि दहा वर्षांपूर्वीचा आहे. जुलैतल्या धो धो पावसात लोकल बंद पडल्यावर दादरला उभं राहून 'पाच मिनिटं थांबू, उतरेल' असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण ऑफिस सुटण्याच्या वेळी, सिनेमा सुटल्यावर किंवा विमानतळावर एकाच वेळी दोन-तीन विमानं उतरल्यावर जो चढ येतो, तो खरोखरच थोड्या वेळात ओसरतो.

याच ठेक्यामुळे एक गैरसमज होतो. माणूस सहा वाजता ॲप उघडतो, आकडा बघतो, दुसऱ्या ॲपवर जाऊन तुलना करतो, चहा संपवतो आणि सव्वासहाला परत पहिल्या ॲपवर येऊन बुक करतो. त्याच्या मनात सहाचा आकडा असतो आणि बिल येतं सव्वासहाच्या आकड्याचं. 'अंदाजापेक्षा जास्त घेतले' ही तक्रार इथे टिकत नाही, कारण कंपनीच्या नोंदीत अंदाज म्हणजे बटण दाबलं त्या क्षणीचा आकडा. स्क्रीनशॉट काढायचाच असेल तर तो त्या क्षणी काढावा, त्यात मार्ग, गाडीचा प्रकार आणि वेळ दिसावी.

पूर्वी हा गुणक उघड दिसायचा. '१.८ पट' असं पडद्यावर यायचं आणि लोक चिडायचे. दिल्लीत एप्रिल २०१६ मध्ये सम-विषम योजना चालू असताना सर्जवरून इतका गदारोळ झाला की तिथल्या सरकारने कारवाईचा इशारा दिला आणि कंपन्यांना सर्ज काही काळ थांबवावं लागलं. त्याच वर्षी उबरने गुणक दाखवणं कमी करून आधीच एक ठोक आकडा सांगायची पद्धत आणली. सोय झाली खरी, पण त्या ठोक आकड्यात मूळ भाडं किती आणि चढ किती, हे ग्राहकाला कळेनासं झालं. मला हा बदल कंपन्यांनी केलेल्या सगळ्या बदलांमध्ये सर्वांत धूर्त वाटतो. दर तोच राहिला, फक्त चिडायला जागा राहिली नाही.

महाराष्ट्रात ही जागा आता काही प्रमाणात परत मिळाली आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सर्जला मूळ भाड्याच्या दीडपटीची मर्यादा घातली होती आणि जुलै २०२५ च्या नव्या सूचनांमध्ये ती मूळ भाड्याच्या दुपटीवर नेली. महाराष्ट्राने मात्र मे २०२५ च्या धोरणात दीडपटच ठेवली आणि सवलत द्यायची तर मूळ भाड्याच्या २५ टक्क्यांपलीकडे देता येणार नाही, असंही म्हटलं. मर्यादेला अर्थ येतो तो मूळ भाडं ठरल्यावर. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या ॲप-टॅक्सींसाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे हा दर जाहीर झाला. म्हणजे गर्दीच्या वेळी जास्तीत जास्त ३४ रुपये ८ पैसे आणि मंदीच्या वेळी कमीत कमी १७ रुपये ४ पैसे. हे तीन आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवावेत असे आहेत, कारण ठोक आकड्याच्या पोटात काय आहे ते बघायला यांच्याइतकं सोपं साधन नाही. भाड्याला अंतराने भागायचं आणि उत्तर या पट्ट्यात कुठे पडतं ते पाहायचं.

मात्र भागाकार करण्याआधी बिलातून भाडं नसलेलं सगळं वजा करायला हवं. एक काल्पनिक प्रवास घेऊन बघू. एका बाईंना शिवडीहून पनवेलला अटल सेतूवरून जायचं आहे. अंतर सोयीसाठी ३५ किलोमीटर धरू, कर बाजूला ठेवू. मूळ दराने भाडं होतं ७९५ रुपये. संध्याकाळची वेळ आहे, गुणक १.३ लागला आहे, म्हणून ते झालं १,०३४. अटल सेतूच्या पूर्ण लांबीचा मोटारीचा एका वेळचा टोल २५० रुपये. ॲपने तो धरून अंदाज दाखवला १,२८४. बाईंनी बटण दाबलं. गाडी आली तेव्हा त्या लिफ्टची वाट बघत होत्या, आठ मिनिटं गेली. पहिली तीन मिनिटं फुकट आणि पुढे मिनिटाला दोन रुपये धरले तर दहा रुपये वेटिंग. मागच्या आठवड्यात त्यांनी एक गाडी रद्द केली होती, तिचे ५० रुपये खात्यावर थकीत होते, तेही इथे वसूल झाले. बिल आलं १,३४४. म्हणजे अंदाजापेक्षा ६० रुपये जास्त.

बाई घरी जाऊन सांगणार, 'सर्जमुळे वाढलं.' सर्जचे २३९ रुपये तर १,२८४ मध्ये होतेच. वाढलेल्या ६० मधला एकही रुपया सर्जचा नाही. आता १,३४४ ला सरळ ३५ ने भागलं तर किलोमीटरला ३८ रुपयांहून जास्त येतात आणि वाटतं, कायद्याची मर्यादा मोडली. टोल, वेटिंग आणि थकबाकी काढून भागलं तर साडेएकोणतीस येतात, म्हणजे मर्यादेच्या आत. पहिल्या आकड्यावर केलेली तक्रार पहिल्याच उत्तरात फेटाळली जाईल आणि फेटाळणं बरोबरही असेल. त्या बाईंना खरोखर विचारण्यासारखा प्रश्न एकच आहे : ते ५० रुपये कशाचे?

त्याच्याकडे येऊच. आधी वेटिंग, कारण रक्कम लहान असली तरी चालक आणि प्रवासी यांच्यात सर्वांत जास्त कटुता याच ओळीवरून येते. वेटिंगचं घड्याळ सुरू होतं ते चालकाने 'पोहोचलो' असं नोंदवल्यावर. फुकट मिनिटं किती आणि पुढचा दर काय, हे शहर, ॲप आणि गाडीचा प्रकार यांवर ठरतं आणि भाड्याच्या तपशिलात बटण दाबण्याआधी बघता येतं. कोणी बघत नाही, ही गोष्ट वेगळी. खरी गोची 'पोहोचलो' या शब्दात आहे. ॲपला चालक नकाशावरच्या टाचणीच्या जवळ आला की तो पोहोचला असं वाटतं, आणि ही जवळीक पक्ष्याच्या उड्डाणाची असते. मोठ्या सोसायटीचं मागचं गेट, रुळांची पलीकडची बाजू, उड्डाणपुलाखालचा उलटा रस्ता, या ठिकाणी उभा असलेला चालक यंत्राच्या दृष्टीने दारात असतो आणि तुमच्या दृष्टीने पंधरा मिनिटांवर. स्टेशनला हमखास असं होतं : पत्त्यात पूर्व की पश्चिम लिहिलेलं असतं, पण टाचणी प्लॅटफॉर्मच्या मध्यावर पडते. गाडी बोलावताना ॲपने स्वतः धरलेली जागा न स्वीकारता टाचणी हाताने गेटवर सरकवायची, एवढाच यावरचा उपाय. आणि चालक चुकीच्या बाजूला असेल तर फोनवर हुज्जत घालण्यापेक्षा ॲपमधल्या संदेशात 'मी मेन गेटवर उभा आहे' असं लिहून ठेवलेलं बरं. फोनवरचं बोलणं उरत नाही, संदेश उरतो.

रस्त्यातल्या कोंडीचं वेटिंग ही निराळी बाब आहे. मीटरच्या टॅक्सीत गाडी उभी राहिली की मीटर चालूच राहतो, हे आपल्याला माहीत असतं. आधी सांगितलेल्या ठोक भाड्यात नेहमीच्या कोंडीचा वेळ धरलेला असतो, त्यामुळे घोडबंदर रोडला अर्धा तास जास्त लागला म्हणून बिल आपोआप वाढायला नको. पण हे ठोक भाडं सशर्त असतं. वाटेत थांबा वाढवला, उतरण्याची जागा बदलली किंवा गाडी ठरलेल्या मार्गापासून बरीच भरकटली, तर ॲप तो आकडा मोडीत काढून प्रत्यक्ष अंतर आणि वेळेवर नवा हिशेब मांडू शकतं. अंदाज आणि बिल यांत शंभर-दीडशेच्या पुढचा फरक दिसला आणि टोल नसला, तर पहिला संशय इथे घ्यावा. पावतीबरोबर आलेला नकाशा उघडावा आणि गाडी गेलेली रेघ बघावी.

डोंबिवलीच्या एका वकील महिलेचं प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. जून २०१८ मध्ये त्यांनी मुंबई विमानतळासाठी उबर बोलावली, संध्याकाळी चेन्नईचं विमान होतं. चालक बऱ्याच फोननंतर आला, निघण्याआधी फोनवर बोलत बसला, मग वाट वाकडी करून सीएनजी भरायला गेला. विमान चुकलं. बुकिंगच्या वेळी अंदाज होता ५६३ रुपये, बिल आलं ७०३. त्यांनी तक्रार केल्यावर कंपनीने १३९ रुपये परत केले, म्हणजे जवळजवळ सगळा फरक. त्या तिथे थांबल्या नाहीत. २०२२ मध्ये ठाण्याच्या ग्राहक आयोगाने मानसिक त्रासाचे १० हजार आणि दाव्याच्या खर्चाचे १० हजार द्यायला सांगितले. कंपनीचा बचाव असा होता की आम्ही केवळ चालक आणि प्रवासी यांची गाठ घालून देतो. तो मानला गेला नाही, कारण ॲप, भाडं आणि पैशांचा व्यवहार हे सगळं कंपनीच्याच हातात आहे. या प्रकरणात फरकाचे १३९ रुपये नुसत्या तक्रारीवर मिळाले आणि उरलेल्या न्यायाला चार वर्षं लागली. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

टोलची ओळ दिसायला सर्वांत सरळ, पण तिथे तीन निरनिराळ्या गोष्टी घडतात. पहिली, ॲपने अंदाज बांधताना एक मार्ग धरलेला असतो आणि गाडी दुसऱ्याने जाते. मुंबईहून पनवेलचा अंदाज वाशीमार्गे निघाला असेल तर त्यात टोल नाही, कारण मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी इथे, हलक्या वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून टोलमाफी आहे. चालक अटल सेतूवर वळला की २५० रुपये वाढले. वळण्याआधी त्याने विचारलं आणि तुम्ही 'हो, लवकर पोहोचू' म्हणालात, तर ते तुमचेच. विचारलं नाही, तर तो तक्रारीचा मुद्दा आहे. दुसरी गोष्ट, टोल बिलात असतोच आणि चालक उतरताना वेगळा रोख मागतो. तो दर वेळी फसवतच असतो असं नाही. पैसे फास्टॅगमधून त्याच्या खात्यातून गेलेले असतात आणि कंपनीकडून ते नंतर येतात, म्हणून त्याला हातात हवे असतात. पण दोनदा द्यायचे नाहीत. फास्टॅगची रक्कम कापली की चालकाच्या फोनवर नाक्याचं नाव, वेळ आणि रकमेसह संदेश येतो. तो बघायला मागण्यात काही गैर नाही आणि पावतीतली टोलची ओळ त्याच्याशी ताडून बघता येते. माफी असलेल्या नाक्याचा टोल बिलात दिसला तर तो संदेश नसणारच.

तिसरी गोष्ट परतीच्या टोलची. अटल सेतूवर जाऊन येऊन ३७५ रुपये पडतात. चालक म्हणतो, 'साहेब, मला रिकामं परत यायचंय, वरचे सव्वाशे द्या.' त्याच्या जागी बसून बघितलं तर मागणी समजते. पण परत येताना त्याला भाडं मिळणार की नाही, हा त्याच्या आणि कंपनीच्या धंद्यातला प्रश्न आहे. ॲपने परतीचा टोल बिलात लावला नसेल तर तुम्ही तो देणं लागत नाही. द्यायचा असेल तर खुशीने द्यावा, नाइलाजाने नाही.

आता ते ५० रुपये. रद्द केल्याचा दंड हा एकमेव आकार असा आहे की जो प्रवास न करता लागतो आणि पुढच्या प्रवासाच्या बिलात चोरपावलाने येऊन बसतो. महाराष्ट्राच्या मे २०२५ च्या धोरणात याला स्पष्ट मर्यादा आहे. प्रवाशाने सबळ कारणाशिवाय रद्द केलं तर भाड्याच्या ५ टक्के किंवा ५० रुपये, यांपैकी जे कमी ते. चालकाने रद्द केलं तर १० टक्के किंवा १०० रुपये, यांपैकी जे कमी ते, आणि ही रक्कम प्रवाशाला मिळायची आहे. केंद्राच्या सूचनांत दोघांनाही १० टक्के आणि १०० ची मर्यादा आहे. म्हणजे इथला नियम प्रवाशाला झुकतं माप देतो. 'जे कमी ते' या शब्दांवर बोट ठेवून वाचावं. २०० रुपयांच्या भाड्याचे ५ टक्के होतात १० रुपये. अशा छोट्या प्रवासासाठी सरसकट ५० रुपये लागले असतील तर धोरणाच्या भाषेत चाळीस जास्त लागले. आपल्या उदाहरणातल्या बाईंना पूर्ण ५० लागायचे तर रद्द केलेला प्रवास किमान हजार रुपयांचा असायला हवा. तो होता का, एवढंच त्यांनी विचारायचं.

दंडाच्या मर्यादेपेक्षा 'रद्द कोणी केलं' हा प्रश्न जास्त अवघड आहे. चालकाचा फोन येतो, 'कुठं जायचंय? पेमेंट कॅश का ऑनलाइन?' उत्तर पसंत पडलं नाही की तो हो म्हणतो आणि जागचा हलत नाही. नकाशावरची छोटी गाडी पाच मिनिटं त्याच चौकात. पुन्हा फोन केला की, 'तुम्हीच कॅन्सल करा ना.' तो स्वतः रद्द करत नाही, कारण दंड त्याला लागेल. तुम्हाला उशीर होत असतो, तुम्ही वैतागून रद्द करता आणि यंत्राच्या लेखी दोष तुमचा. रद्द करताना ॲप कारण विचारतं, तिथे घाईत पहिलं दिसेल ते दाबण्याऐवजी 'चालकाने रद्द करायला सांगितलं' किंवा 'चालक येत नव्हता' हा पर्याय शोधावा. गाडी न हललेल्या नकाशाचा स्क्रीनशॉट, सांगितलेली वेळ उलटून गेल्याचा स्क्रीनशॉट, हे पुरेसं असतं. थकबाकी लागली असेल तर ती पुढच्या बुकिंगच्या आधीच खात्यात दिसते. त्याच दिवशी विचारलं तर कंपनी ती बहुधा काढून टाकते, महिन्याने विचारलं तर कोणाला काही आठवत नसतं.

या चारांच्या बाहेरचं एक पाचवं कारण पुण्या-मुंबईत अलीकडे वाढलं आहे आणि ते चालकांच्या बाजूने आलं आहे. पुण्यात परिवहन प्राधिकरणाने जानेवारी २०२४ मध्ये वातानुकूलित टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३७ आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये ठरवून दिले. ॲपवरचा आकडा मात्र त्याच्या खाली राहिला, आणि चालकांनी ठरवलं की आम्ही सरकारी दरच घेणार. त्यामुळे ॲप एक अंदाज दाखवतं आणि गाडीत बसल्यावर चालक आपल्या फोनवर सरकारी दराचा हिशेब काढून दुसरा आकडा सांगतो. इथे कंपनीने अंदाज मोडलेला नसतो, चालकाने तो नाकारलेला असतो. सर्जवर चिडणाऱ्या प्रवाशाने एकदा उलट बाजूही पाहावी. मंदीच्या वेळी भाडं सरकारी दराच्या खाली जातं तेव्हा आपण तक्रार करत नाही, तेव्हा चालक करतो. तरीही मला वाटतं, दर पटत नसेल तर तो गाडीत बसण्याआधी सांगावा. सामान डिकीत गेल्यावर सांगितलेल्या दराला वाटाघाट म्हणत नाहीत.

तक्रार करायची झाली तर पावतीतली नेमकी ओळ धरून करावी. 'बिल जास्त आलं' असं लिहिलं की कंपनीकडून छापील उत्तर येतं. 'अमुक तारखेच्या प्रवासात अटल सेतूचा टोल लावला आहे, गाडी वाशीमार्गे गेली, नकाशा जोडला आहे' असं लिहिलं की कोणाला तरी नकाशा उघडावा लागतो. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग, जिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. परतावा मिळाला आणि तो पुढच्या प्रवासाच्या कूपनच्या रूपात हातात ठेवला गेला, तर तोही मुकाट्याने घ्यायचं कारण नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओलाला बजावलं की परतावा बँकेत हवा की कूपनमध्ये, हे ग्राहकाने ठरवायचं आहे. त्याच आदेशात ॲपवरून केलेल्या रिक्षाप्रवासाचंही बिल द्यायला सांगितलं होतं. तोवर रिक्षाच्या प्रवाशाकडे ताडून बघायला ओळीच नव्हत्या.